बोर्डो मिश्रणाचा परिच्छेद पायऱ्यांत मांडताना

कोकणात आणि गोव्याच्या कुळागरांत मे महिन्याच्या शेवटी पोफळींवर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू होते. पावसात सुपारीच्या घडांवर कोळेरोग येतो, कोवळी फळे कुजून गळतात, आणि एकदा पाऊस लागल्यावर झाडावर चढणे अवघड आणि औषध टिकणे त्याहून अवघड असते. म्हणून पहिला हात पावसाआधीच मारावा लागतो. हे मिश्रण बहुधा बागेतच आणि त्याच दिवशी करतात. ते कसे करावे हे सांगणारे पत्रक मात्र जवळपास प्रत्येक बागायतदाराच्या घरी कुठे ना कुठे घडी घालून ठेवलेले असते. गेली काही वर्षे अशी पत्रके आमच्या परिसरातील बागांसाठी पायऱ्यांत लिहून देण्याचे काम मी करत आलो आहे. त्यातील एकच परिच्छेद येथे घेतो. कुठल्याही एका पत्रकातून तो उचललेला नाही. माझ्या हाती आलेल्या अनेक पत्रकांची ठेवण त्यात एकत्र आली आहे.

«सुपारीवरील कोळेरोगाच्या नियंत्रणासाठी एक टक्का तीव्रतेचे बोर्डो मिश्रण पावसाळ्यापूर्वी घडांवर फवारावे व ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळे मिसळून मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात सतत ढवळत ओतावे, मात्र तत्पूर्वी चुना थोडे थोडे पाणी घालून विरवून, गार करून व गाळून घेतलेला असावा. मिश्रण तयार करताना लोखंडी भांडी वापरू नयेत. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवली असता तिच्यावर तांबूस थर आल्यास चुन्याचे द्रावण आणखी घालावे. मोरचूद विरघळण्यास वेळ लागत असल्याने ते आदल्या दिवशी भिजत घालावे. फवारणीपूर्वी मिश्रण गाळून घ्यावे व त्याच दिवशी वापरावे.»

या परिच्छेदातील एकही वाक्य चुकीचे नाही. ज्याने हे मिश्रण पूर्वी केले आहे त्याला तो वाचून सगळे आठवते आणि त्याचे काम भागते. ज्याने कधीच केलेले नाही, तो मात्र दुसऱ्या वाक्यापाशी मोरचूद आणि चुना घेऊन बसतो, दोन्ही पाण्यात टाकतो, आणि मोरचूद आदल्या दिवशी भिजवायला हवे होते हे त्याला तीन वाक्यांनंतर कळते. तोपर्यंत झाडावर चढणारा माणूस दारात येऊन उभा असतो आणि त्याची मजुरी सुरू झालेली असते.

असा परिच्छेद फोडायला बसलेला माणूस बहुधा पूर्णविरामांपाशी तो तोडतो आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक देतो. असे केल्याने कागद नीटनेटका दिसतो, पण क्रम वाक्यांचाच राहतो, आणि वाक्यांचा क्रम लिहिणाऱ्याला जसे आठवत गेले तसा असतो. पायऱ्यांचा क्रम हातांच्या कामाचा असायला हवा. त्यासाठी मी परिच्छेद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो. शेवटी काय व्हायला हवे? घडांवर फवारा पडायला हवा. त्याच्या लगेच आधी काय झालेले असले पाहिजे? गाळलेले मिश्रण पंपात आलेले असले पाहिजे. त्याआधी? मोरचुदातले तांबे चुन्याशी संयोग न पावता मिश्रणात मोकळे उरलेले नाही याची खात्री. त्याआधी? मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात मिसळलेले. असे मागे मागे गेल्यावर दोन वाटा फुटतात, एक मोरचुदाची आणि एक चुन्याची, आणि दोन्ही आपापल्या आरंभापर्यंत न्याव्या लागतात.

मागे जाताना क्रियापदांच्या रूपांकडे बारकाईने पाहावे लागते. «विरवून, गार करून व गाळून घेतलेला असावा» ही शब्दरचना मराठीत सहज येते आणि तिच्यातील क्रमही बरोबर आहे, पण तीन वेगळी कामे तिने एका दमात सांगून टाकली आहेत. त्यातले गार करणे हे तर कामही नाही, ती वाट पाहण्याची वेळ आहे, आणि वाट पाहण्याला पायरीत स्वतंत्र जागा दिली नाही तर लोक वाट पाहत नाहीत. तसेच गाळणे परिच्छेदात दोनदा आले आहे: एकदा चुन्याचे आणि एकदा तयार मिश्रणाचे. घाईने फोडणारा माणूस ही एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली असे समजून एक गाळणे काढून टाकतो. पहिले गाळणे चुन्यातील न विरलेली खर आणि खडे काढण्यासाठी असते, दुसरे पंपाच्या नोझलमध्ये काही अडकू नये म्हणून. दोन्ही ठेवावी लागतात.

मोरचूद आणि चुना यांपैकी कशाला आधी हात घालायचा, हे परिच्छेद सांगत नाही. तो फक्त «वेगवेगळे» असे म्हणतो. क्रमांक दिलेल्या यादीत मात्र दोन कामे एकाच ओळीत उभी राहू शकत नाहीत, एकाला दुसऱ्याच्या आधी जावेच लागते. येथे निर्णय वाट पाहण्याच्या वेळेवरून करायचा. मोरचुदाचे खडे तळाशी टाकून ठेवले तर त्यांच्याभोवतीचे जड झालेले पाणी तिथेच साचते आणि विरघळणे मंदावते. म्हणून मोरचूद कापडात बांधून पाण्याच्या वरच्या भागात टांगतात, म्हणजे विरघळलेले जड पाणी आपोआप खाली उतरत राहते आणि नवे पाणी खड्यांना लागत राहते. यासाठी रात्रभर वेळ दिलेला बरा, आणि मोरचुदाचे पाणी रात्रभर राहिल्याने बिघडत नाही. चुन्याचे तसे नाही. विरवलेल्या चुन्याचे पाणी उघड्यावर राहिले तर हवेतील कर्बवायूशी संयोग होऊन त्यातील काही भाग निरुपयोगी खडूसारखा होतो, आणि विरवताना चुना इतका तापतो की गार व्हायला तासभर तरी द्यावा लागतो. म्हणून मोरचूद आदल्या संध्याकाळी आणि चुना दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा, हा क्रम ठरतो. परिच्छेदात शेवटाकडे आलेले वाक्य यादीत सुरुवातीला येते, ते असे.

मोरचुदाचे द्रावण चुन्यात ओतावे, उलट नको, हा या मिश्रणातला सर्वांत महत्त्वाचा क्रम. परिच्छेदात तो बरोबर सांगितलेला आहे, पण वाक्याच्या मध्ये दडून राहिल्यामुळे हाताळताना तो सहज उलटतो. चुन्याचे पाणी अल्कधर्मी असते. त्यात मोरचुदाचे पाणी बारीक धारेने पडत गेले की पडेल तेवढे तांबे लगेच चुन्याशी संयोग पावते आणि निळसर, मऊ, बारीक कणांचा साका तयार होतो. हे कण बराच वेळ पाण्यात तरंगत राहतात आणि फळावर पातळ थर धरतात. उलट केले, म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात चुना ओतला, तर सुरुवातीला पाणी आम्लधर्मी राहते, कण जाडे बनतात, लवकर तळाशी बसतात, नोझल तुंबवतात आणि फळावर नीट चिकटत नाहीत. द्रावणे कोमट असतानाच मिसळली तरीही कण असेच जाडे होतात, आणि म्हणूनच चुना गार करण्याची पायरी गाळता येत नाही. शंका आली तर काचेच्या पेल्यात थोडे मिश्रण घेऊन ठेवावे; काही मिनिटांतच निळा साका तळाला बसून वर स्वच्छ पाणी दिसू लागले, तर ओतण्याचा क्रम किंवा तापमान बिघडले आहे असे समजावे.

या एका सूचनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती परिच्छेदात कुठेच लिहिलेली नाही. माझा मजकूर मी आमच्या शेजारच्या बागेतील भाऊंना वाचून दाखवत होतो. भाऊ वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पोफळींची बाग त्यांनी उमेदीच्या वयात स्वतः उभी केलेली. त्यांनी मला मध्येच थांबवले.

«मोठं पिंप कुणाला द्यायचं? मोरचुदाला की चुन्याला?»

मी म्हणालो, «दोन्ही पन्नास-पन्नास लिटर आहेत, भाऊ, म्हणजे कशालाही चालेल.»

«कसं चालेल? मोरचूद चुन्यात ओतायचं ना? मग चुन्याच्या पिंपात शेवटी शंभर लिटर मावलं पाहिजे. माणूस आधी मोठ्या पिंपात मोरचूद करून बसला, की दुसऱ्या दिवशी तो चुनाच त्यात ओतणार. दुसरं काय करणार?»

परिच्छेद वाचून लोक उलट का ओततात याचे याहून चांगले उत्तर मला मिळालेले नाही. लोकांना क्रम ठाऊक नसतो असे नाही. पहिल्या दिवशी मोरचूद भिजवायला हाताशी असलेले मोठे पिंप घेतले जाते, आणि दुसऱ्या दिवशी भांड्याच्या मापामुळे त्यांना दुसरा मार्गच उरत नाही. म्हणजे भांडे निवडणे हीसुद्धा एक पायरी आहे, आणि ती सर्वांत आधी यायला हवी. तेव्हापासून पायऱ्या लिहिताना प्रत्येक पायरीपाशी मी एक प्रश्न विचारतो: हे करताना हातात काय असेल, आणि ते तिथे कुठून आले? ५० लिटर पाणी कशाने मोजणार, हाही त्यातूनच निघालेला प्रश्न. बागेत मापाची बादली असते, पण पिंपावर खुणा नसतात. त्या आदल्या दिवशीच करून ठेवाव्या लागतात.

«लोखंडी भांडी वापरू नयेत» आणि «लोखंडी सुरी बुडवावी» ही दोन वाक्ये एकामागून एक वाचली की नव्या माणसाला ती परस्परविरोधी वाटतात. खरे तर दोन्हींमागचे कारण एकच आहे. पाण्यात मोकळे तांबे असेल तर ते लोखंडावर तांबूस थर होऊन बसते आणि त्याबदली लोखंड विरघळते. भांडे लोखंडाचे असेल तर औषधातील तांबे भांड्यालाच जाते आणि भांडे झिजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचेही तसेच. सुरी मात्र आपण मुद्दाम बुडवतो, कारण मिश्रणात मोकळे तांबे उरले आहे की नाही हे तिच्यावरूनच कळते. ते उरले असेल तर कोवळ्या फळांना आणि पानांना चटका बसतो. सगळे तांबे चुन्याशी संयोग पावले असेल तर सुरी स्वच्छ राहते. नुसत्या चुन्याने लोखंडाचे काही बिघडत नाही, म्हणून चुना लोखंडी घमेल्यात विरवला तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने चालते, आणि बरेच जण तसे करतातही. यादीत मात्र मी «कुठलेही भांडे लोखंडाचे नको» असाच सरसकट नियम ठेवतो, कारण चुन्याचे घमेले पुढे मोरचुदाला वापरले जाणार नाही याची खात्री कागद देऊ शकत नाही.

सुरीच्या बाबतीत काळ बदलला आहे, तेही ध्यानात घ्यावे लागते. हे वाक्य लिहिले गेले तेव्हा घरातली सुरी साध्या लोखंडाची किंवा पोलादाची असे. आज स्वयंपाकघरातून आणलेली सुरी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, आणि तिच्यावर तांबे सहजी बसत नाही. अशी सुरी बुडवून ती स्वच्छ निघाली म्हणजे मिश्रण चांगले झाले असे मानणे धोक्याचे आहे. म्हणून पायरीत मी «सुरी» न लिहिता «पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला मोठा लोखंडी खिळा» असे लिहितो. गंजलेल्या खिळ्यावर तांबूसपणा आधीच असतो, म्हणून घासणे हेही सूचनेतच यावे लागते.

या परीक्षेचे वाक्य पायरीत घालताना सर्वांत जास्त विचार करावा लागला. परिच्छेद म्हणतो, थर आला तर चुन्याचे द्रावण आणखी घालावे. पण कोणते? तयार केलेले सगळे चुन्याचे पाणी तर पिंपातच गेलेले असते. म्हणजे जादा चुना आधीच बाजूला ठेवलेला असला पाहिजे, आणि तो साहित्याच्या यादीत आला पाहिजे. शिवाय एकदा चुना घातल्यावर पुढे काय, हे परिच्छेद सांगत नाही. चुना घालून ढवळल्यावर खिळा पुन्हा घासून पुन्हा बुडवायचा असतो, आणि थर येणे बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचे असते. ही सरळ ओळीत जाणारी पायरी नव्हे, ती मागे वळणारी पायरी आहे, आणि क्रमांकांचा उपयोग खरा येथेच होतो: «पायरी १३ पुन्हा करा» असे नेमके म्हणता येते.

त्यापुढे मी हिशेब केला आणि मला तो परिच्छेद वेगळाच दिसू लागला. शुद्ध कळीचा चुना असेल तर १ किलो मोरचुदातील सर्व तांब्यासाठी पाव किलोहूनही थोडा कमी चुना पुरतो. आपण घेतो १ किलो. म्हणजे चौपटीहून अधिक चुना घालूनही खिळ्यावर थर येत असेल, तर चुना थोडा कमी पडला असा त्याचा अर्थ नसतो. चुना बहुतांशी मेलेला असतो, हवेत राहून त्याची पूड झालेली असते. अशा चुन्याचे आणखी एक-दोन लिटर पाणी घालून फारसे साधत नाही. आणि ही गोष्ट कळायला सगळे मोरचूद मिसळून होईपर्यंत थांबण्याची गरजच नाही. जिवंत कळीच्या चुन्यावर थोडे पाणी शिंपडले की तो सळसळतो, तापतो, वाफ सोडतो, फुगून फुटतो. जुना चुना तसाच गार पडून राहतो. म्हणजे चुन्याची खरी परीक्षा सकाळी पहिल्या ओंजळभर पाण्यातच होते, आणि तिथे तो नापास झाला तर तोवर १ किलो मोरचूद वाया गेलेले नसते. परिच्छेदात ही परीक्षा नव्हती, कारण लिहिणाऱ्याने विरवणे हे फक्त एक काम मानले होते. पायऱ्या लावताना मी ते परीक्षा म्हणूनही लिहिले, आणि खिळ्याची परीक्षा दुसरी राखण म्हणून शेवटी ठेवली. क्रम बरोबर लावण्याचा अर्थ माझ्या लेखी इतकाच आहे की दोष जिथे जन्मतो त्याच्या शक्य तितक्या जवळच्या पायरीवर तो दिसावा.

या मिश्रणाचा इतिहासही येथे थोडा उपयोगी पडतो. फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षबागांना केवडा रोगाने पछाडले असताना १८८२ मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने टिकून आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडलेले होते. १८८५ मध्ये त्याने जी कृती प्रसिद्ध केली तिच्यात ८ किलो मोरचुदाला १५ किलो चुना होता, म्हणजे जवळपास दुप्पट. इतक्या चुन्यात मोकळे तांबे उरण्याची भीती फारशी नव्हती. पुढे प्रमाण खाली येत गेले, चुना आणि मोरचूद समसमान झाले, आणि चुन्याच्या ताजेपणाला महत्त्व आले. जुन्या सूचनांत जी काळजी नसते ती आजच्या सूचनेत का असावी लागते, ते यावरून समजते.

धोक्याच्या सूचना कुठे ठेवायच्या, याबद्दल माझे मत ठाम आहे: ज्या क्षणी हात धोक्यात जातो त्याच्या आदल्या पायरीवर, आणि स्वतंत्र पायरी म्हणून. पत्रकांत त्या बहुधा शेवटी «काळजी» या मथळ्याखाली एकत्र येतात. चुना विरवताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी पत्रकाच्या शेवटी चष्म्याचा उल्लेख असून उपयोग नसतो. त्याचप्रमाणे पातळ प्लास्टिकच्या बादलीत चुना विरवला तर उष्णतेने बादली मऊ पडू शकते, म्हणून भांडे मातीचे असावे हेही चुना घेण्याआधीच सांगावे लागते.

किती बारीक फोडावे, हा प्रश्न उरतो. एका पायरीत एक काम, हा नियम चांगला आहे, पण ओतणे आणि ढवळणे ही दोन कामे मी एकाच पायरीत ठेवली आहेत, कारण ती एकाच वेळी व्हायची आहेत. वेगळी लिहिली तर माणूस आधी सगळे ओततो आणि मग ढवळतो. एकत्र लिहिल्यामुळे या पायरीला दोन माणसे लागतात हेही उघड होते. पावसाआधीची फवारणी आणि ४० ते ४५ दिवसांनंतरची फवारणी ही माहिती मात्र पायऱ्यांतून काढून वर ठेवली, कारण ती मिश्रण कसे करावे याचा भाग नाही. ते केव्हा करावे याचा भाग आहे.

आता यादी अशी झाली आहे.

केव्हा: पाऊस लागण्यापूर्वी, फवारा वाळायला उसंत मिळेल अशा कोरड्या दिवशी. त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की पुन्हा एकदा.

साहित्य: मोरचूद १ किलो, कळीचा चुना सव्वा किलो, २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप, निदान ६० लिटरचे दुसरे प्लास्टिकचे पिंप, मातीचे मोठे भांडे, लहान मडके, मापाची बादली, प्लास्टिकचा मोठा मग, दोन लांब लाकडी काठ्या, सुती कापड, लोखंडी खिळा, पॉलिश पेपर, चष्मा, रबरी हातमोजे. खिळा सोडून काहीही लोखंडाचे किंवा जस्ती पत्र्याचे नको.

आदल्या दिवशी संध्याकाळी

१. मोठ्या पिंपात मापाने ५० लिटर पाणी ओता आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून खूण करा. आणखी ५० लिटर ओता आणि दुसरी खूण करा.
२. त्यातील ५० लिटर पाणी लहान पिंपात घ्या. मोठे पिंप रिकामे करून ठेवा; ते चुन्यासाठी आहे.
३. हातमोजे घाला.
४. मोरचूद सुती कापडात सैल बांधा. पुरचुंडी पाण्याच्या वरच्या भागात बुडालेली राहील अशी आडव्या काठीला टांगा. मुले आणि जनावरे जाणार नाहीत असे पिंप झाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

५. पुरचुंडी उघडून पाहा. खडे उरले असतील तर ती पाण्यात हलवून विरघळवा, मग पाणी तळापासून ढवळा.
६. चष्मा आणि हातमोजे घाला.
७. १ किलो चुना मातीच्या भांड्यात घ्या आणि त्यावर थोडे पाणी शिंपडा. चुना तापला आणि फुगला तर पुढे जा. तो गार राहिला तर थांबा, ताजा चुना आणा आणि ही पायरी पुन्हा करा.
८. थोडे थोडे पाणी घालत, काठीने हलवत चुना दुधासारखा पातळ करा. उरलेला पाव किलो चुना मडक्यात याच रीतीने विरवून बाजूला ठेवा.
९. दोन्ही भांडी बाहेरून हाताला गार लागेपर्यंत थांबा.
१०. मोठ्या भांड्यातील चुना कापडातून गाळत मोठ्या पिंपात ओता.
११. मोठ्या पिंपात ५० लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा.

मिसळताना

१२. एकाने मोठे पिंप काठीने सतत ढवळावे; त्याच वेळी दुसऱ्याने लहान पिंपातील मोरचुदाचे पाणी मगाने, बारीक धारेने, मोठ्या पिंपात ओतावे.
१३. खिळा घासून चकचकीत करा आणि एक मिनिट मिश्रणात बुडवा. खिळा स्वच्छ निघाला तर पुढे जा. तांबूस थर आला तर मडक्यातील चुन्याचे पाणी गाळून एक मगभर घाला, ढवळा आणि ही पायरी पुन्हा करा. मडके संपले तरी थर येत असेल तर मिश्रण फवारू नका. ताजा चुना आणून विरवा, आणि खिळा स्वच्छ निघेपर्यंत त्याचे पाणी घाला.

फवारताना

१४. मिश्रण कापडातून गाळून पंपात भरा.
१५. घड सर्व बाजूंनी भिजतील असे फवारा. प्रत्येक वेळी पंप भरण्याआधी पिंप तळापासून ढवळा.
१६. मिश्रण त्याच दिवशी संपवा.
१७. पंप, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्याने धुवा.

शेवटची पायरी परिच्छेदात मुळीच नव्हती. मिश्रण पंपात राहिले की वाळून त्याची पापुद्र्यासारखी खपली होते आणि पुढच्या फवारणीला नोझल बंद पडते. पण परिच्छेद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने फवारणी झाली की विषय संपला होता. यादी लिहून झाल्यावर मी ती अशा माणसाच्या हाती देतो ज्याने हे काम केलेले नाही, आणि मी स्वतः काहीही न बोलता बाजूला उभा राहतो. तो जिथे मागचा क्रमांक पुन्हा शोधू लागतो तिथे पायरी अपुरी असते. जिथे तो माझ्याकडे पाहतो तिथे एखादे साहित्य किंवा माप राहून गेलेले असते. मडक्यातला जादा चुनाही गाळूनच घालायचा, हे शब्द असेच नंतर आले आहेत. पायऱ्यांत नवी पायरी घुसवली की पुढचे सर्व क्रमांक बदलतात, आणि «पायरी १३ पुन्हा करा» असा उल्लेख दुसरीकडे कुठे केला असेल तर तो चुकीच्या जागी नेतो. त्यामुळे आता मी मागे वळण्याची सूचना त्याच पायरीच्या पोटात ठेवतो आणि «ही पायरी पुन्हा करा» असे लिहितो, क्रमांक लिहीत नाही.

ज्यांच्याकडे मोजकीच झाडे आहेत त्यांना शंभर लिटर नको असते. त्यांचा पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो. त्यांनी प्रमाण स्वतः काढावे असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण ओल्या हाताने, सकाळच्या घाईत केलेला भागाकार चुकतो. त्यांच्यासाठी याच यादीचा दुसरा कागद करतो: मोरचूद १६० ग्रॅम ८ लिटर पाण्यात, कळीचा चुना १६० ग्रॅम ८ लिटर पाण्यात, जादा चुना ४० ग्रॅम, चुन्याची बादली निदान २० लिटरची, आणि तिच्यावर खुणा ८ आणि १६ लिटरच्या. पायऱ्या त्याच आणि क्रमही तोच राहतो. दोन माणसांऐवजी एकालाही एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळता येते, म्हणून त्या कागदावर बाराव्या पायरीचे वाक्य तेवढे बदललेले आहे.